रेषीयीकरण गप्प बसतं तेव्हा ऊर्जेने स्थिरता कशी सिद्ध करायची

प्रश्न: x′ = y, y′ = −x − y³ या प्रणालीत आरंभबिंदूपाशी जॅकोबियनच्या आयगेनव्हॅल्यू ±i येतात, म्हणून रेषीयीकरणाने निर्णय होत नाही. V = (x² + y²)/2 घेतलं तर V′ = −y⁴ मिळतं, पण ते अख्ख्या X-अक्षावर शून्य आहे. मग मी "स्थिर आहे" एवढंच म्हणून थांबायचं, की मार्ग खरोखर शून्याकडे जातात हेही सिद्ध करता येतं? आणि दुसऱ्या उदाहरणात असं V शोधायचं कसं?

उत्तर:

मार्ग शून्याकडे जातात, आणि तुम्ही घेतलेल्या V मधूनच ते सिद्ध होतं. V बदलावं लागत नाही; V′ = 0 असलेल्या जागी समीकरणाला आणखी एक प्रश्न विचारावा लागतो. तो प्रश्न कोणता, हे पाहण्याआधी रेषीयीकरण इथे का थांबतं ते नीट बघू, कारण पुढचं सगळं त्याच्याशी बांधलेलं आहे.

या दोन प्रणाली शेजारी शेजारी ठेवा:

x′ = y,  y′ = −x − y³

x′ = y,  y′ = −x + y³

आरंभबिंदूपाशी दोन्हींचा जॅकोबियन एकच आहे, कारण y³ चा तिथला डेरिव्हेटिव्ह शून्य. तुमच्या V चा डेरिव्हेटिव्ह मात्र पहिलीत −y⁴ आणि दुसरीत +y⁴ येतो. पहिलीत ऊर्जा झिजते, दुसरीत वाढते. म्हणजे जॅकोबियन कितीही पिळला तरी त्यातून उत्तर निघणार नाही. उत्तर ज्या पदात आहे ते पद त्या मॅट्रिक्समध्ये उतरलेलंच नाही. आयगेनव्हॅल्यूंचे वास्तव भाग ऋण असतात तेव्हा रेषीय पद आरंभबिंदूपासूनच्या r या अंतराच्या प्रमाणात आत ओढतं आणि उरलेली पदं r² किंवा r³ च्या प्रमाणात ढवळाढवळ करतात, त्यामुळे आरंभबिंदूच्या पुरेसं जवळ गेलं की रेषीय पदच जिंकतं. वास्तव भाग शून्य असला की रेषीय पद फक्त गोल फिरवतं. ते आतही ओढत नाही आणि बाहेरही ढकलत नाही. मग आत जायचं की बाहेर, हा निर्णय एकट्या y³ च्या हातात उरतो.

भौतिक अर्थही लक्षात असू द्या. एकक वस्तुमान, एकक ताठरपणाची स्प्रिंग, आणि वेगाच्या घनाच्या प्रमाणात होणारा विरोध. V म्हणजे गतिज आणि स्थितिज ऊर्जेची बेरीज, आणि y⁴ म्हणजे विरोधाने दर सेकंदाला खाल्लेली ऊर्जा. वेग मंद झाला की हा विरोध जवळजवळ नाहीसा होतो. पुढे जे जे विचित्र दिसणार आहे त्याचं मूळ इथे आहे.

आता साधी स्थिरता. कोणतीही त्रिज्या ε घ्या. त्या वर्तुळावर V = ε²/2. वर्तुळाच्या आत कुठूनही सुरुवात केली की V त्याहून कमी असतं, आणि V वाढू शकत नाही. वर्तुळाला शिवायचं तर V ला ε²/2 व्हावं लागेल, म्हणून मार्ग आतच राहतो. इथे V चे समस्तर वक्र योगायोगाने वर्तुळंच आहेत, म्हणून δ = ε चालून गेलं. सर्वसाधारण V साठी ε त्रिज्येच्या वर्तुळावरची V ची किमान किंमत m काढायची. वर्तुळ बंद आणि मर्यादित, V संतत, आणि V आरंभबिंदूशिवाय कुठेही शून्य नाही. म्हणून m खरोखर धन असतं. मग δ इतका लहान घ्यायचा की त्या आतल्या वर्तुळात V < m राहील. "V फक्त आरंभबिंदूवरच शून्य" ही अट याच एका ठिकाणी लागते, पण ती सोडली तर सिद्धता कोसळते. उत्तरपत्रिकांत "V ≥ 0" एवढंच लिहिलेलं मला वारंवार दिसतं. V = y² सुद्धा ऋण नसतं, पण त्याच्या समस्तर रेषा X-अक्षाला समांतर जातात आणि मार्गाला कुठेही अडवत नाहीत.

आता तुमच्या खऱ्या अडचणीकडे. X-अक्षावर V′ शून्य आहे याचा अर्थ असा की मार्ग अक्ष ओलांडतो त्या क्षणी वर्तुळाला स्पर्श करून जातो. पण तो अक्षावर थांबू शकतो का? (x₀, 0) या बिंदूवर y′ = −x₀, आणि x₀ शून्य नसेल तर y लगेच शून्यापासून दूर सरकतो. ओलांडण्याच्या क्षणापासूनचा वेळ τ म्हटला, तर y ≈ −x₀τ आणि V′ ≈ −x₀⁴τ⁴. ओलांडण्याच्या τ आधीपासून τ नंतरपर्यंत V साधारण (2/5)x₀⁴τ⁵ ने कमी होतं. घट त्या क्षणापुरती सपाट होते, पण थांबत नाही. आरंभबिंदू सोडून कुठूनही निघा, V काटेकोरपणे घटत जातं.

बऱ्याच जणांची सिद्धता इथेच संपते, आणि ती अपुरी असते. काटेकोरपणे घटणारी राशी शून्यापर्यंत पोचतेच असं नाही; ती घटत घटत एखाद्या धन संख्येवरही टेकू शकते. मार्ग आतून बाहेरून एखाद्या बंद वक्राला चिकटत जातो तेव्हा नेमकं असंच घडतं. ही शक्यता वेगळी खोडावी लागते, ती अशी.

V(t) घटतं आणि ऋण होत नाही, म्हणून त्याला एक सीमा आहे. तिला c म्हणू. समजा c > 0. मार्ग मर्यादित भागात अडकलेला आहे, म्हणून अनंताकडे जाणारे t₁, t₂, t₃… असे क्षण निवडता येतात की त्या क्षणांची मार्गावरची स्थानं एखाद्या बिंदू P कडे सरकत जातात. V संतत असल्यामुळे V(P) = c, म्हणून P आरंभबिंदू नाही. आता P पासून नवा मार्ग सुरू करा आणि एखादा ठरावीक वेळ s जाऊ द्या. उकल सुरुवातीच्या बिंदूवर संततपणे अवलंबून असते, म्हणून मूळ मार्गाची tₙ + s या क्षणांची स्थानं P च्या मार्गावरच्या s या क्षणाच्या स्थानाकडे सरकतात. पण मूळ मार्गावर V ची सीमा c च आहे. म्हणजे P च्या मार्गावर s नंतरही V = c. आणि s कोणताही असू शकतो, म्हणून त्या मार्गावर V कायम c राहतं, V′ कायम शून्य, y कायम शून्य. y कायम शून्य असेल तर y′ ही कायम शून्य, आणि y′ = −x − y³ मध्ये ते घातलं की x = 0. म्हणजे P हा आरंभबिंदूच निघाला. विसंगती आली, म्हणून c = 0, आणि मार्ग शून्याकडे जातो. V सगळ्या दिशांना अनंताकडे वाढतं, म्हणून कोणताही मार्ग मर्यादितच राहतो आणि हा निष्कर्ष फक्त जवळपासच्या बिंदूंना नाही, प्रतलातल्या प्रत्येक सुरुवातीला लागू होतो.

यातला कळीचा भाग म्हणजे "y एका क्षणी शून्य आहे" आणि "y कायम शून्य आहे" यांतला फरक. लियापुनोव्ह यांच्या १८९२ च्या प्रबंधातल्या प्रमेयाला V′ आरंभबिंदूशिवाय सगळीकडे काटेकोर ऋण लागतं, आणि घर्षण असलेल्या जवळजवळ प्रत्येक यांत्रिक प्रणालीत ऊर्जा ही अट पाळत नाही, कारण वेग शून्य असताना घर्षण काहीच खात नाही. ही उणीव बारबाशिन आणि क्रासोव्स्की यांनी १९५२ मध्ये भरून काढली, आणि लासाल यांनी १९६० मध्ये तिला आज वापरात असलेलं व्यापक रूप दिलं. कागदावरची कृती छोटी आहे: V′ = 0 असलेला संच लिहा, "मार्ग कायम याच संचात राहतो" असं गृहीत धरून ती अट समीकरणांत घाला, आणि काय शिल्लक राहतं ते पाहा. फक्त आरंभबिंदू उरला तर काम झालं. एका वेळेला जमलं नाही तर मिळालेल्या नव्या अटीचा पुन्हा डेरिव्हेटिव्ह घ्या.

आरंभबिंदूखेरीज आणखी काही उरलं, तर तेही मन लावून वाचा. समजा एकमेकांशी न जोडलेले दोन दोलक आहेत आणि विरोध फक्त पहिल्याला आहे. V′ = −y₁⁴ येतं, y₁ कायम शून्य धरलं की x₁ ही शून्य होतो, पण दुसऱ्या दोलकाची सगळी दोलनं तशीच उरतात. युक्तिवाद अडला तो योग्य कारणाने अडला: दुसरा दोलक खरोखरच कधी थांबत नाही.

आता वेग. "शून्याकडे जातो" एवढं कळलं, पण किती हळू? x = r cos θ, y = r sin θ घातलं की r′ = −r³ sin⁴θ. r लहान असताना तो एका फेरीत फारसा बदलत नाही, म्हणून sin⁴θ च्या जागी त्याची फेरीवरची सरासरी 3/8 घेतली तर चालते. मग r′ ≈ −(3/8)r³, म्हणजेच

1/r² ≈ 1/r₀² + (3/4)t

r₀ = 1 पासून निघालात तर r = 0.1 व्हायला t सुमारे १३२ लागतो, आणि r = 0.01 व्हायला सुमारे १३,३३२. घातांकी ऱ्हासात दर दहापटीला सारखाच वेळ लागतो. इथे प्रत्येक पुढच्या दहापटीला शंभरपट वेळ लागतो. रेषीयीकरणाला उत्तर न सापडण्याची हीच दुसरी बाजू आहे. घातांकी वेगाने शून्याकडे जाणं हे आयगेनव्हॅल्यूंचे वास्तव भाग ऋण असतील तरच शक्य असतं. इथे ते शून्य आहेत, म्हणून स्थिरता आहे, पण ती इतकी संथ आहे.

सरासरी घेणं हा अंदाज झाला. हाच वेग सिद्ध करायचा असेल तर V′ सगळीकडे काटेकोर ऋण असलेलं V लागतं, आणि ते ऊर्जेत छोटी भर घालून मिळतं. पहिला मोह xy हे पद घालण्याचा होतो, कारण रेषीय घर्षण असताना ते चालतं. इथे करून पाहा:

(xy)′ = y² − x² − xy³

−x² हवंच होतं, पण सोबत +y² आलं, आणि त्याला दाबायला आपल्याकडे फक्त −y⁴ आहे. आरंभबिंदूजवळ y⁴ हे y² पुढे नगण्य असतं. xy चा सहगुणक कितीही लहान घेतला तरी जवळ गेल्यावर y² च वरचढ ठरतं. घातांकच जुळत नाहीत, तेव्हा सहगुणकाशी झटापट करण्यात अर्थ नाही. आपल्याकडे −y⁴ आहे, तर x कडूनही −x⁴ यायला हवं. y′ मध्ये −x आहे, म्हणून x³y घेऊ:

(x³y)′ = 3x²y² − x⁴ − x³y³

आता सगळी पदं चौथ्या घाताची आहेत, एक सहाव्या घाताचं आहे, आणि मोजणी शक्य आहे. W = (x² + y²)/2 + x³y/9 घ्या. 3x²y² ≤ x⁴/2 + 9y⁴/2 हे पूर्ण वर्गातून मिळतं, म्हणून

W′ ≤ −y⁴/2 − x⁴/18 + |x³y³|/9

r ≤ 1 असताना |xy| ≤ 1/2 आणि x²y² ≤ (x⁴ + y⁴)/2, म्हणून शेवटचं पद (x⁴ + y⁴)/36 पेक्षा मोठं होत नाही. हाती येतं W′ ≤ −(x⁴ + y⁴)/36, आणि x⁴ + y⁴ ≥ r⁴/2 असल्यामुळे W′ ≤ −r⁴/72. दुसरीकडे त्याच वर्तुळात |x³y|/9 ≤ r²/18, म्हणून W हे (4/9)r² आणि (5/9)r² यांच्या मध्ये सापडतं. दोन्ही एकत्र केलं की

W′ ≤ −(9/200) W²

म्हणजे 1/W दर एकक वेळेला किमान 9/200 ने वाढतो, आणि r ची घट 1/√t पेक्षा संथ असू शकत नाही. r₀² < 4/5 घेतलं तर W ची सुरुवातीची किंमत 4/9 पेक्षा कमी असते, म्हणून मार्ग एकक वर्तुळाबाहेर जात नाही आणि वरच्या सगळ्या असमानता शेवटपर्यंत लागू राहतात. ही शेवटची तपासणी लोक विसरतात. असमानता ज्या भागात सिद्ध केली त्या भागातून मार्ग बाहेर पडत नाही, हे W च्याच समस्तर वक्राने दाखवावं लागतं. 9/200 हा आकडा सरासरीतून येणाऱ्या आकड्यापेक्षा बराच मवाळ आहे, पण घात बरोबर आला, आणि सिद्धतेकडून मला तेवढंच हवं असतं.

संगणकावर तपासायला जाल तर एक सापळा आहे. अनेक जण असं लिहितात:

```python
h, x, y = 0.01, 1.0, 0.0
for n in range(200000):
    x, y = x + h*y, y + h*(-x - y**3)
print((x*x + y*y)**0.5)
```

यातून त्रिज्या 0.115 च्या आसपास अडकलेली दिसते, आणि आलेख पाहून वाटतं की इथे एक बंद वक्र आहे, सिद्धताच चुकली असावी. सिद्धता बरोबर आहे. ही सरळ ऑयलर पद्धत निव्वळ फिरणाऱ्या प्रणालीत दर पावलाला r ला √(1 + h²) ने गुणते, म्हणजे ऊर्जा ओतून r ला स्वतःहून h/2 या दराने वाढवते. r चा खरा ऱ्हास (3/8)r² या दराने होतो. दोन्ही दर समान होतात तिथे r² = 4h/3, आणि h = 0.01 साठी r ≈ 0.1155. तो बंद वक्र समीकरणाचा नाही, पद्धतीचा आहे. t = 2000 ला खरी त्रिज्या 0.026 च्या आसपास असायला हवी. ओळखायची खूण सोपी: h चौपट लहान करा. अडकलेली त्रिज्या निम्मी झाली, तर ती पद्धतीची करामत. चौथ्या घातांकाची रुंगे-कुट्टा पद्धत वापरली तर तिची स्वतःची चूक h⁵/144 या दराने, तीही घटीच्या बाजूला होते, आणि ती इथे नजरेत भरण्याइतकी नसते. तरीही ध्यानात ठेवा की r = 0.01 जवळ एका फेरीत त्रिज्या अवघी ०.०२४ टक्क्यांच्या आसपास घटते. डोळ्यांना ते बंद वर्तुळच दिसेल. रेषीयीकरण निर्णय देत नाही अशा ठिकाणी चित्रावर कमी आणि कागदावर जास्त विसंबावं, असं मला वाटतं ते यासाठीच.

V कसं शोधायचं? माझी सवय अशी की आधी ऊर्जा खाणारं पद झाकायचं आणि उरलेल्या प्रणालीत कोणती राशी जपली जाते ते पाहायचं. x′ = y, y′ = −g(x) − (विरोध) अशी मांडणी असेल तर ती राशी म्हणजे y²/2 अधिक g चं शून्यापासून x पर्यंतचं समाकलन. त्यात g पूर्ण घ्यायचा, फक्त त्याचा रेषीय भाग घेऊन भागत नाही. हे पाहा:

x′ = y,  y′ = −x + x² − y³

इथेही आयगेनव्हॅल्यू ±i. सवयीने (x² + y²)/2 घेतलं तर V′ = x²y − y⁴ येतं, आणि x = y = लहान धन संख्या घातली की ते धन निघतं. यावरून "अस्थिर" असा निष्कर्ष काढणाऱ्यांची संख्या कमी नाही. V चाललं नाही याचा अर्थ फक्त एवढाच की ते V चाललं नाही. आता पूर्ण ऊर्जा घ्या:

V = y²/2 + x²/2 − x³/3

त्रासदायक x²y कटून V′ = −y⁴ उरतं. पण हे V सगळीकडे धन नाही, आणि ते ठीकच आहे, कारण (1, 0) हा दुसरा समतोल बिंदू आहे आणि तो खोगीर बिंदू आहे. तिथे V = 1/6. x = −1/2 घातलं तरी स्थितिज ऊर्जा 1/8 + 1/24, म्हणजे तीही 1/6. तेव्हा V = 1/6 हा वक्र आरंभबिंदूभोवती −1/2 पासून 1 पर्यंत पसरलेला, उजवीकडे टोकदार असा बंदिस्त भाग आखतो. त्याच्या आत V आरंभबिंदूशिवाय धन आहे. आत कुठूनही निघालं तर V त्या किमतीवर जात नाही, म्हणून मार्ग बाहेर पडत नाही. आणि y कायम शून्य धरलं की −x + x² = 0, म्हणजे x = 0 किंवा x = 1; दुसरा बिंदू आत नाही. त्या भागातला प्रत्येक मार्ग आरंभबिंदूकडे जातो. स्थिरतेसोबत किती मोठ्या धक्क्यापर्यंत प्रणाली परत येईल याचा आकडाही मिळाला. हा अंदाज सावध आहे. या भागाबाहेरचे काही बिंदूही परत येतात, पण त्यांच्याबद्दल हे V काही सांगत नाही.

ऊर्जाच दिसत नसेल आणि रेषीय भाग x′ = y, y′ = −x असाच असेल, तर V = x² + y² + तिसऱ्या घाताची पदं + चौथ्या घाताची पदं अशी अज्ञात सहगुणकांसह मांडणी करा आणि V′ मधली पदं घाताघाताने शून्य करत जा. तिसऱ्या घाताची सगळी पदं नेहमी शून्य करता येतात. चौथ्या घाताला एकच संख्या अशी उरते की ती कशानेही जात नाही: V′ = G(x² + y²)² + पुढची पदं. G ऋण असेल तर मार्ग शून्याकडे, धन असेल तर अस्थिर. G शून्य आला तरच सहाव्या घाताकडे जायचं. हिशेब कंटाळवाणा आहे पण आंधळा नाही, आणि ±i च्या बाबतीत मी तो नशिबावर सोडलेल्या अंदाजांपेक्षा पसंत करतो.

शेवटी एक मर्यादा, कारण ती ओलांडलेली मी अनेकदा पाहतो. "y कायम शून्य" हा युक्तिवाद समीकरणात t उघडपणे नसेल तेव्हाच चालतो. P पासून नवा मार्ग सुरू करताना आपण धरून चाललो होतो की उशिरा सुरू केलेल्या मार्गालाही तेच नियम लागू आहेत. हे उदाहरण घ्या:

x″ + (2 + eᵗ) x′ + x = 0

ऊर्जेचा डेरिव्हेटिव्ह −(2 + eᵗ)y², विरोध कायम धन, वर वाढत जाणारा. y कायम शून्य धरलं की x ही शून्य. तरीही x = 1 + e⁻ᵗ ही उकल आहे; समीकरणात घालून पाहा. ती 1 कडे जाते आणि तिथेच अडकते, कारण विरोध इतका झपाट्याने वाढतो की स्प्रिंगला वस्तुमान परत आणायला वेळच मिळत नाही.

काटेकोर V साठी घेतलेले कष्ट अशाच ठिकाणी उपयोगी पडतात. तुमच्या प्रणालीत y³ ऐवजी a(t)y³ असेल आणि a(t) दोन धन संख्यांच्या, a₁ आणि a₂ च्या, मध्ये राहत असेल, तर x³y/9 ऐवजी पुरेसा लहान ε घेऊन εx³y घाला (a₁ ≤ 1 असेल तर ε = a₁/9 चालतं) आणि वरचीच असमानता पुन्हा लिहा. −y⁴ च्या जागी −a₁y⁴ येतं, x³y³ ला a₂ चिकटतो आणि त्यामुळे वर्तुळ थोडं लहान घ्यावं लागतं, पण W′ ≤ −kW² हे रूप तसंच मिळतं, आणि त्यासाठी P सारखा कोणताही बिंदू मध्ये आणावा लागत नाही.